नीटला मार्क कमी पडले, ड्रॉप घ्यायचा का?

“मॅडम, मुलीला नीटमध्ये अपेक्षेपेक्षा खूपच कमी मार्क पडले. ती म्हणते, एक वर्ष ड्रॉप घेते. हे म्हणतात, मिळेल त्या कोर्सला जा. रविवारच्या तुमच्या वेबिनारमध्ये यावर काही बोलणार आहात का? आम्ही बसलो तर चालेल का?”

जरूर बसा, तुम्ही तिघंही. तोवर मागच्या एका मुलीची गोष्ट सांगते. तिला सायली म्हणू. नाव बदललं आहे.

सायलीला 720 पैकी 320 होते. घरात चर्चा चालायची ती याच एका आकड्यावर. मी तिला आधी ओएमआर शीटची प्रत आणि उत्तरसूची घेऊन बसायला सांगितलं. प्रत्येक विषयात किती बरोबर, किती चूक, किती सोडले, हे वहीवर मांडलं. जीवशास्त्रात 90 पैकी 64 बरोबर, 16 चूक, म्हणजे 240 गुण. रसायनशास्त्रात 20 बरोबर, 18 चूक, गुण 62. भौतिकशास्त्रात 45 पैकी तिने 32 सोडवले, त्यातले 10 बरोबर आणि 22 चूक. बरोबरला चार आणि चुकीला वजा एक, म्हणून हाती आले फक्त 18.

तिच्या आईचं म्हणणं होतं की निगेटिव्ह मार्किंगने घात केला. थोडं खरं होतं. पण चुकलेले सगळे 56 प्रश्न तिने कोरे सोडले असते, तरी बेरीज 376 वरच थांबली असती. खरी अडचण भौतिकशास्त्रातल्या त्या 10 बरोबर उत्तरांत होती.

म्हणून अकरावीचं बलांचं प्रकरण काढलं. उतरणीवरच्या ठोकळ्याचा साधा प्रश्न दिला. तिला सूत्र पाठ होतं, पण बलाचे घटक पाडताना साइन कुठे आणि कोसाइन कुठे, इथे ती अडकली. अकरावीत गणित सोडून जीवशास्त्र गट घेतला, आणि त्रिकोणमिती दहावीच्या पुढे गेलीच नव्हती. जीवशास्त्र गटातल्या मुलांत हे मला वारंवार दिसतं, आणि क्लासवाले सहसा यावर बोलत नाहीत. ते पुन्हा तोच भाग, त्याच वेगाने शिकवतात.

ड्रॉप हवाच असेल, तर तीन आठवडे आजमावून बघू, असं ठरलं. आधी यांत्रिकीचे वीस प्रश्न सोडवायचे, मग रोज दोन तास त्रिकोणमिती आणि यांत्रिकी, शेवटी तितक्याच अवघड दुसऱ्या वीस प्रश्नांची परीक्षा. सुरुवातीला पाच बरोबर होते, शेवटी सात. दोनच प्रश्नांची वाढ, तीही एकाच भागात. शिवाय त्या तीन आठवड्यांत तिने दोनदा पुस्तक बंद करून ठेवलं होतं, हे तिने स्वतःच सांगितलं. ड्रॉप नको, हे मग तीच म्हणाली.

सुदैवाने तिने एमएचटी-सीईटीचा जीवशास्त्र गट दिला होता. तिथे 200 पैकी 100 गुण जीवशास्त्राचे, भौतिकशास्त्राचे फक्त 50, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. तीच मुलगी त्या परीक्षेत बरी ठरली. बी.फार्म. आणि बी.एस्सी. कृषी, दोन्हीकडे जाता येत होतं. तिने राहुरीच्या कृषी विद्यापीठाखालच्या एका कॉलेजात कृषी घेतली. पशुवैद्यकाचंही तिच्या मनात होतं, पण तिथला प्रवेश नीटच्याच गुणांवर होतो, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबांना वाटत होतं, ती सीईटीची शाखा आहे.

प्रत्येकाला हेच उत्तर लागू नाही. एका मुलाचं भौतिकशास्त्र चांगलं होतं, गुण गेले होते ते पाठांतराच्या रसायनशास्त्रात आणि ओएमआरवर गोल चुकीच्या ओळीत भरल्याने. त्याला मी ड्रॉप घे म्हणाले.

तुम्ही निर्णयाला वेळ घ्या, पण सीईटीच्या प्रवेशाची नोंदणी मात्र थांबवू नका. नोंदणी केली म्हणजे प्रवेश घ्यावाच लागतो असं नाही. नोंदणीची मुदत गेली आणि नंतर ड्रॉपचा विचार बदलला, तर वर्ष आपोआप जातं.

वेबिनार येत्या रविवारी सकाळी 11 ते 12.30, झूमवर, मराठीत आणि विनाशुल्क आहे. पहिली 40 मिनिटं मी अशा दोन गुणपत्रिका पडद्यावर मांडून दाखवेन आणि नीटवर कोणत्या शाखा, सीईटीवर कोणत्या, हे सांगेन. उरलेला वेळ प्रश्नांसाठी. प्रश्न लिहून विचारा, मुलांची नावं मी वाचणार नाही. बारावी विज्ञानच्या जीवशास्त्र गटातली मुलं आणि त्यांचे पालक यांच्यासाठी हे सत्र आहे. अकरावीतल्यांनी आलात तर अधिक फायदा, कारण गणित ठेवायचं की सोडायचं हे ठरवायला तुमच्या हातात अजून थोडा अवकाश आहे. जेईई, वाणिज्य आणि कला शाखेच्या मुलांनी या वेळी येऊ नका, त्यांच्यासाठी पुढच्या महिन्यात वेगळं सत्र घेते आहे.

येताना ओएमआरची प्रत, उत्तरसूची आणि कागद-पेन जवळ ठेवा. बरोबर-चूक-सोडलेले यांची मोजणी आधीच करून आणलीत, तर प्रश्नांच्या वेळेत थेट तुमच्या मुलीच्या आकड्यांवर बोलता येईल.