पहिल्या मिक्सरचं स्वागताचं भाषण

मिक्सर म्हणजे कामाच्या ओळखी करून घ्यायचा मेळावा. त्याला दादरला सातची वेळ दिली असेल, तरी सातला स्वागताचं बोलायला उभा राहू नकोस. विरार-कल्याणकडची मंडळी गाडीच्या भरवशावर येतात. साडेसातला, हॉल बऱ्यापैकी भरला की बोल आणि तीन मिनिटांत आटप. वडापाव येण्याआधीच बोल. प्लेट हातात आली की कुणी ऐकत नाही.

सगळ्यांना आळीपाळीने ओळख करून द्यायला लावू नकोस. तीस माणसं, प्रत्येकी एक मिनिट, म्हणजे अर्धा तास गेला. दहाव्या माणसापाशी लोक मोबाइल काढतात. त्याऐवजी हात वर करायला सांग: लिहिणारे कोण? डिझाइनवाले? कॅमेरावाले? जीएसटी-हिशेब बघणारे? कुणाला गाठायचं ते सगळ्यांना दिसतं.

मग नमुना म्हणून स्वतःचीच ओळख करून दे. "मी वेबसाइट बनवतो" एवढ्यावर समोरचा "अच्छा" म्हणून गप्प होतो. "मी दातांच्या दवाखान्यांच्या वेबसाइट बनवतो, सध्या मराठी मजकूर लिहिणारं कुणीतरी हवंय" म्हटलंस, तर तो लगेच एखादं नाव सुचवतो. ही गरज खरी असू दे, बनावट लगेच कळते.

जागा देणाऱ्याचे आभार एका वाक्यात. (पाहुण्यांचा सत्कार, नारळ, शाल? अजिबात नको.) फोटो नको असलेल्यांनी आधीच सांगावं, हे बोलून टाक. शेवटी एकच काम दे: पुढच्या दहा मिनिटांत अनोळखी माणसाला "सध्या काय अडलंय?" एवढंच विचारा. आणि माइक खाली ठेव.