निविदा सूचनेच्या फोटोवरून एका पानाचा गोषवारा कसा काढायचा

प्रश्न: ओळखीच्या एकाने जिल्हा परिषदेच्या ई-निविदा सूचनेचा पेपरमधला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलाय. अक्षरं बारीक आहेत, मध्ये घडीही आलीय. यातून पात्रता, फी, तारखा आणि लागणारी कागदपत्रं एका पानावर कशी काढू? मी यात नवीन आहे.

उत्तर:

मी छोट्या ठेकेदारांच्या निविदा भरून देतो, त्यामुळे असे फोटो माझ्याकडे सतत येतात. पहिलं काम फोटोचंच. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, म्हणून पाठवणाऱ्याला तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा पाठवायला सांगा. पेपर हातात असेल तर घडी सरळ करून, चारही कडा दिसतील असा नवा फोटो काढायला सांगा. कडा महत्त्वाच्या आहेत. वरच्या बाजूला कार्यालयाचं नाव आणि निविदा सूचना क्रमांक असतो, खाली संकेतस्थळ आणि अटींच्या ओळी असतात. तळाशी कधी कधी ‘डीजीआयपीआर’ने सुरू होणारा एक क्रमांक दिसतो. तो जाहिरातीचा क्रमांक आहे. त्याने ई-निविदांच्या पोर्टलवर निविदा शोधत बसू नका, सापडणार नाही.

आता खरी गोष्ट. पेपरातली सूचना ही संक्षिप्त सूचना असते. जागेचे पैसे पडतात, म्हणून कार्यालय त्यात शक्य तेवढं कमी छापतं. फी आणि तारखा बहुतेक वेळा मिळतात, पात्रतेची एखादी ओळ मिळते आणि कागदपत्रांची यादी जवळपास कधीच नसते. त्यामुळे गोषवाऱ्यातल्या प्रत्येक ओळीपुढे ती कुठून आली ते लिहा: ‘फोटो’ किंवा ‘निविदा संच’, म्हणजे पोर्टलवरून उतरवायची पूर्ण निविदा. जे दोन्हीकडे सापडलं नाही ती जागा मोकळी ठेवा. मागच्या निविदेत असं होतं म्हणून इथेही तसंच असेल, असं धरून जागा भरली की तिथेच निविदा अपात्र होते.

एक नमुना घेऊन सांगतो. समजा सूचनेत तीन कामांचा तक्ता आहे आणि तुमचं काम दुसऱ्या ओळीत, गावातला सिमेंट काँक्रीट रस्ता. अंदाजित रकमेचा रकाना ‘रु. लाखात’ आहे. पहिल्या कामाला १५.००, तिसऱ्याला ९.९० स्पष्ट दिसतंय. तुमच्या ओळीत २४ पॉइंट, मग घडीत गेलेला एक आकडा, मग ५. निविदेसोबत भरायची बयाणा रक्कम अनुक्रमे १५,०००, २४,८५० आणि ९,९०० आहे.

घडीतला आकडा इथे सूचनाच सांगते. स्पष्ट दिसणाऱ्या दोन्ही ओळींत बयाणा बरोबर १ टक्का आहे. म्हणजे २४,८५० बयाणा असेल तर काम २४.८५ लाखांचं. बयाण्याचा दर सगळीकडे १ टक्काच असतो असं धरू नका, तो त्याच तक्त्यातल्या स्वच्छ ओळींवरून काढा. निविदा फीचाही असाच ताळा घेता येतो. फीवर १८ टक्के जीएसटी लागत असेल तर ५०० चे ५९० होतात आणि १,००० चे १,१८०. फोटोत १,१६० किंवा १,१३० असं काही वाचल्यासारखं वाटलं, तर तो आकडा बहुतेक १,१८० आहे. तरीही पैसे भरायच्या आधी पोर्टलवर बघाच.

फीच्या भागात तीन वेगवेगळे पैसे असतात आणि ते एकत्र लिहू नयेत. निविदा फॉर्म फी परत मिळत नाही. बयाणा काम न मिळाल्यास परत मिळतो. सुरक्षा अनामत फक्त काम मिळालेल्याला भरावी लागते, आज खिशातून जात नाही. नवीन माणूस तिन्ही रकमांची बेरीज करतो आणि एवढे पैसे नाहीत म्हणून निविदाच सोडून देतो. आपल्या नमुन्यात अर्ज भरण्यापुरते लागणार आहेत १,१८० आणि २४,८५०, म्हणजे २६,०३० रुपये.

तारखांना मात्र असा ताळा लागत नाही. समजा निविदा ६ जानेवारी २०२५ पासून उपलब्ध आहे, उघडण्याची तारीख २० जानेवारी, आणि शेवटची तारीख १३ आहे की १६ ते कळत नाही. देवनागरीत ३ आणि ६ एकमेकांचे आरशातले आकडे असल्यासारखे आहेत. फोटो जरा हलला की हा गोंधळ होतोच. १ आणि ९, ४ आणि ५ यांचंही तेच. इथे दोन्ही तारखा बसतात: १३ ला सोमवार, १६ ला गुरुवार, दोन्ही कामाचे दिवस, दोन्ही ६ नंतर आणि २० च्या आधी. तर्काने सुटत नाही म्हटल्यावर अंदाज करू नका. पोर्टलवर खात्री होईपर्यंत आधीची तारीख, म्हणजे १३, धरा आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेवा. वेळही लिहा, नुसती तारीख पुरत नाही. सूचनेत ‘सायं. ५.०० वाजेपर्यंत’ असेल तर पोर्टल ते पाचलाच बंद करतं, आणि तिथे सर्व्हरचं घड्याळ चालतं, तुमच्या मोबाइलचं नाही. उघडण्याच्या तारखेपुढे ‘शक्य झाल्यास’ असे शब्द बहुतेक असतात. तेही जसेच्या तसे उतरवा, कारण ती तारीख पुढे जाऊ शकते.

आता पोर्टल. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदांच्या ई-निविदा साधारणपणे mahatenders.gov.in वर असतात, पण सूचनेत छापलेलं संकेतस्थळच खरं धरा. बघायला लॉगिन लागत नाही. ‘Tenders by Organisation’ मध्ये जाऊन तुमची जिल्हा परिषद निवडा आणि यादीत काम शोधा. कामाचं नाव तिथे अनेकदा इंग्रजी अक्षरांत असतं आणि गावाचं स्पेलिंग कसंही असू शकतं, म्हणून नावापेक्षा बयाणा रकमेवरून खात्री करा. यादीतलं काम उघडल्यावर त्याच्या पानावर बयाणा २४,८५० दिसला की काम तेच. त्या पानावर `Bid Submission End Date`, `Tender Fee` आणि `EMD Amount` म्हणजे बयाणा, हे रकाने असतात. फोटोतल्या आकड्यांशी ते पडताळा. दोन्हींत फरक असेल तर `Corrigendum` म्हणजे शुद्धीपत्रक निघालंय का बघा. मुदतवाढ बहुतेक वेळा तिथेच कळते, पेपरात दिसेलच असं नाही.

त्याच पानावरून निविदा संच उतरवून घ्या, कारण पात्रता त्यात आहे. फोटोत फार तर ‘योग्य त्या वर्गातील नोंदणीकृत ठेकेदारांकडून’ एवढंच असेल. यावरून वर्ग कळत नाही. तुमच्या नोंदणी प्रमाणपत्रावरची कामाची मर्यादा २४.८५ लाखांपेक्षा जास्त आहे का आणि नोंदणीची मुदत संपली नाहीये ना, हे बघायचं. म्हणून ती घडीतली रक्कम सोडवणं गरजेचं होतं. त्याआधी आणखी एक गोष्ट बघा, एका मिनिटात निकाल लागतो. काम सर्वसाधारण ठेकेदारांसाठी आहे, सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी आहे की मजूर सहकारी संस्थांसाठी? राज्यात ठरावीक मर्यादेपर्यंतची कामं या तीन गटांत वाटली जातात. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात ‘सु.बे.अ.’ किंवा ‘म.स.सं.’ अशी बारीक अक्षरं असतात आणि नेमकी तीच फोटोत कापली जातात. तुमचा गट नसेल तर गोषवारा तिथेच थांबवा.

आपल्या नमुन्याचं पान साधारण असं दिसेल:

पात्रता: सर्वसाधारण गट (फोटो, शेवटचा रकाना). नोंदणीची मर्यादा २४.८५ लाखांवर हवी. उलाढाल आणि समान कामाचा अनुभव: फोटोत नाही, निविदा संचातून भरायचं.
फी: फॉर्म फी १,१८० जीएसटीसह, परत नाही. बयाणा २४,८५०, परत मिळतो. दोन्ही ऑनलाइन (फोटो, पोर्टलवर पडताळायचं). सुरक्षा अनामत: निविदा संचातून भरायचं.
तारखा: ६ जाने. पासून उपलब्ध. शेवटची १३ जाने.(?), सायं. ५.०० (पोर्टलवर पडताळायचं). उघडणे २० जाने., शक्य झाल्यास.
कागदपत्रं: फोटोत नाहीत, निविदा संचातून भरायची.

पोर्टल बघितलं की प्रश्नचिन्ह निघतं आणि ‘भरायचं’ लिहिलेल्या जागा निविदा संच वाचून भरतात. पैशांच्या ओळीत एक गोष्ट वाढवा: एनईएफटीने भरणार असाल तर शेवटच्या दिवशी भरू नका. पोर्टल त्या निविदेपुरतं चलन काढून देतं, त्यावरचा खाते क्रमांक आणि रक्कम तंतोतंत जुळली पाहिजे, आणि पैसे तिकडे जमा दिसायला वेळ जातो. नेट बँकिंगने लगेच दिसतात.

कागदपत्रांची यादी मी निविदा संचातल्या क्रमाने लिहीत नाही. कोणाकडून मिळणार त्याप्रमाणे लिहितो. नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी नोंदणी ही घरात असतात, फक्त स्कॅन करायची. उलाढालीचा दाखला सीएकडून येतो, आणि त्यावर यूडीआयएन, म्हणजे त्या दाखल्याचा अंक-अक्षरं मिळून १८ चिन्हांचा ओळख क्रमांक, आहे ना ते घेतानाच बघायचं. प्रतिज्ञापत्र संचातल्या मसुद्याप्रमाणेच हवं, शब्द बदलायचे नाहीत. जागा पाहणीचा दाखला मागितला असेल तर तो सगळ्यात वर लिहा आणि पुढे पहिली तारीख टाका. त्यासाठी संबंधित उपअभियंता किंवा शाखा अभियंता कार्यालयात भेटावा लागतो, आणि साहेब साईटवर असले तर दोन दिवस तिथेच जातात. आपल्या नमुन्यात शेवटची तारीख १३ ठरली, तर ११ आणि १२ ला शनिवार-रविवार येतो, म्हणजे सही १० तारखेच्या शुक्रवारपर्यंत हातात हवी.