11 मीटर स्पीकर वायर: दीड की अडीच, आणि बनाना प्लग लागतात का?

प्रश्न: हॉलमध्ये पॅसिव्ह स्पीकरची जोडी लावतोय, 6 ओहमची. डावा स्पीकर ॲम्प्लिफायरपासून 3 मीटरवर आहे. उजव्याची वायर दाराच्या चौकटीवरून वळवून न्यावी लागेल, म्हणजे 11 मीटर. कुठल्या जाडीची वायर घेऊ? आणि बनाना प्लग लावू की वायर सोलून तशीच जोडू?

उत्तर: अडीच स्क्वेअर एमएम, शुद्ध तांब्याची, दोन्ही बाजूंना तीच. बनाना प्लग ऐच्छिक. आता कारणं.

स्पीकरला करंट जातो तसा परतही येतो, म्हणून 11 मीटरच्या वायरीत तांबं 22 मीटर धरायचं. बारीक, पाऊण स्क्वेअर एमएमच्या वायरीचा रोध मीटरला साधारण 0.026 ओहम असतो. 22 मीटरला झाला 0.57 ओहम, म्हणजे तुमच्या 6 ओहमच्या जवळजवळ दहावा हिस्सा. सर्वसाधारण नियम असा की वायरीचा एकूण रोध स्पीकरच्या 5 टक्क्यांच्या आत ठेवावा, तुमच्यासाठी 0.3 ओहम. दीडची वायर 0.29 ओहमवर कशीबशी बसते. अडीचची 0.18 वर आरामात बसते.

बारीक वायरीने आवाज थोडा कमी होईल एवढंच असतं, तर नॉब थोडा फिरवून काम भागलं असतं. पण स्पीकरवर छापलेले 6 ओहम ही ढोबळ संख्या आहे. प्रत्यक्षात बासच्या एखाद्या सुरावर तोच स्पीकर 25 ओहम दाखवतो, तर गायकाच्या आवाजाच्या पट्ट्यात कुठेतरी 4 वर उतरतो. पाऊण स्क्वेअर एमएमच्या वायरीत 4 ओहमच्या जागी सव्वा डेसिबलच्या आसपास आवाज गळतो, 25 ओहमच्या जागी जेमतेम 0.2. म्हणजे स्पीकरचा सूरच बदलतो, आणि तोही फक्त उजव्या बाजूला. अडीचच्या वायरीत हा फरक 0.3 डेसिबलवर येतो. तो मला तरी ऐकू येत नाही.

डावी वायरही 11 मीटरची घेऊन आठ मीटरचं वेटोळं कपाटामागे कोंबायची गरज नाही. वायर आखूड असल्याने आवाज लवकर पोचतो ही भीती लोकांना असते, पण तो फरक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी आहे.

दुकानात ‘गेज’ मागू नका, स्क्वेअर एमएम मागा. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड, हा एक घोळ. दुसरा असा की इंटरनेटवरचं 16 गेज अमेरिकन असतं, सुमारे 1.3 स्क्वेअर एमएम. आपल्याकडचे जुने वायरमन 16 गेज म्हणतात ते ब्रिटिश मापातलं, 2 स्क्वेअर एमएमच्या थोडं वर. आणि घेण्याआधी एक तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. त्याचा रोध दीडपटीहून जास्त असतो, म्हणजे पैसे अडीचचे आणि काम दीडचं. बाहेरून चंदेरी पण आतून लाल असेल तर हरकत नाही, ते कल्हई केलेलं तांबं.

आता टोकं. नीट सोलून घट्ट आवळलेली उघडी वायर आणि बनाना प्लग यांच्या आवाजात फरक नाही. 10-12 मिलिमीटर सोला, तारा एकाच दिशेला पिळा, पोस्टच्या, म्हणजे मागच्या बाजूला वायर जोडायच्या खुंटीच्या भोकात घाला आणि बाहेर एकही तार डोकावत नाही ना, हे टॉर्च लावून बघा. मी एकदा हे टाळलं. केसाएवढी एक तार लाल पोस्टमधून काळ्याला टेकली होती. ॲम्प्लिफायर सुरू केला की आतला रिले टक्क करून बंद. दोन तास मी स्पीकरवर संशय घेत बसलो. टोकांना सोल्डरही लावू नका. दाबाखाली ते हळूहळू पसरतं आणि स्क्रू सैल पडतो.

ॲम्प्लिफायर भिंतीला चिकटून असेल, झाडलोटीला दर महिन्याला ओढावा लागत असेल, किंवा घर समुद्राजवळ असून उघडं तांबं काळं पडत असेल, तर प्लग जरूर घ्या. स्क्रूवाले घ्या, आणि वर्षाकाठी ते स्क्रू एकदा आवळा. मागे चार-पाच सेंटिमीटर जागा मात्र लागेल. आधी पोस्ट बघा: दाबून उघडणाऱ्या स्प्रिंगच्या क्लिपा असतील तर साधा बनाना प्लग बहुधा जाणारच नाही. गोल पोस्ट असून भोक बुजलेलं दिसलं तर ते प्लास्टिकचं बूच आहे, सुईने उपटून निघतं. आणि प्लग स्पीकरकडून उपसताना ॲम्प्लिफायर बंद ठेवा, नाहीतर जमिनीवर पडलेले दोन उघडे प्लग एकमेकांना टेकले की तोच टक्क आवाज तुमच्याकडे ऐकू येईल.