फीच्या सूचनेवर पालक का चिडले

मॅडम, तुमची सूचना पुन्हा वाचली: "खालील विद्यार्थ्यांची फी थकीत आहे. शुक्रवारपर्यंत न भरल्यास परीक्षेला बसू दिले जाणार नाही." खाली मुलांची नावं. फी मागितली म्हणून पालक चिडलेले नाहीत. अख्ख्या वर्गासमोर नाव आलं, हे लागलंय. मधल्या सुट्टीत मुलं एकमेकांना तेच ऐकवणार. शिवाय शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ मध्ये मुलांच्या मानसिक छळाला मनाई आहे, म्हणून परीक्षेची धमकी आधी काढा.

दुसरी तक्रारही रास्त आहे. कोणत्या सत्राची फी, कुठे भरायची, काहीच कळत नाही. आणि ज्यांनी भरली पण नोंद झाली नाही, त्यांचं नाव यादीत आलं तर ते भडकणारच!

असं लिहा:

"नमस्कार पालकहो, दुसऱ्या सत्राची फी शुक्रवार, १२ डिसेंबरपर्यंत भरावी, ही विनंती. कार्यालय सकाळी ८ ते १ सुरू असते. ऑनलाइन भरल्यास पावतीचा फोटो कार्यालयाला पाठवावा. एकरकमी शक्य नसल्यास भेटा, हप्ते ठरवू. आधीच भरली असल्यास या सूचनेकडे दुर्लक्ष करावे."

हप्त्यांचं वाक्य मुख्याध्यापकांना विचारूनच टाका. थकबाकीची रक्कम त्या त्या पालकांना वेगळी कळवा. जुनी सूचना गुपचूप पुसू नका, नाहीतर स्क्रीनशॉट फिरत राहतील. "नावे जाहीर करायला नको होती, ती काढली आहेत. क्षमस्व." एवढं पुरे, खाली खुलाशांचा पाढा नको.