स्थळाच्या फोटोत चेहरा बदललाय का?

"मुलीसाठी साइटवरून इंदूरचं स्थळ आलंय, आम्ही वडोदऱ्याचे. फोटोतला चेहरा खरा आहे का, कसं तपासू?"

चेहरा कापून टाका आणि उरलेला फोटो गूगल लेन्समध्ये शोधा. चेहरा बदलणारा कपडे, हात, मागची भिंत सहसा तशीच ठेवतो, म्हणून चेहऱ्यासकट शोधलं तर मूळ फोटो अनेकदा हुकतो आणि आपण उगाच निर्धास्त होतो. मी दांडिया बाजारात फोटो रिटचिंग करते. एका काकूंनी आणलेला शेरवानीतला फोटो असाच गळ्याखाली कापून शोधला, तर बाहीवरच्या सुरकुतीसकट तोच फोटो कपड्यांच्या जाहिरातीत निघाला, डोकं मात्र दुसऱ्याचं. फोटो मोठा करून हनुवटीखाली आणि कानाजवळही बघा: गालाचा नि मानेचा रंग जुळत नाही, किंवा केसांची कड पुसट होते. पण व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो तसाही पुसट होतो, तेव्हा एवढ्यावरून कुणाला खोटं ठरवू नका.

लेन्सला काही सापडलं नाही म्हणजे फोटो खरा, असंही नाही. व्हिडिओ कॉलवर मुलाला पूर्ण बाजूला वळायला आणि चेहऱ्यासमोरून हात हळू फिरवायला सांगा. नकली चेहरा बहुतेकदा तिथे थरथरतो. चांगली नक्कल यातूनही सुटते, म्हणून इंदूरच्या नातेवाइकांना मुलाच्या घरी पाठवाच. तोवर पैसे किंवा आधारची प्रत देऊ नका. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.