टीप लिहा, स्पष्ट करा, चर्चा करा: किती लिहायचं?

प्रश्न: माहितीच्या अधिकारावर कधी टीप विचारतात, कधी स्पष्ट करा, कधी चर्चा करा. प्रत्येक वेळी नेमकं किती आणि काय लिहू?

किती लिहायचं ते गुण सांगतात, काय लिहायचं ते क्रियापद. ढोबळमानाने एका गुणाला एक वेगळा, पूर्ण मुद्दा धरा.

दोन गुणांची टीप असेल तर ओळख आणि ठळक तरतुदी पुरेत: कायदा 2005 चा, आणि सर्वसाधारणपणे 30 दिवसांत माहिती द्यावी लागते. चार-पाच ओळींत संपवा. यावर पानभर लिहिलं तरी गुण दोनच, शिवाय शेवटचा प्रश्न राहतो.

‘या कायद्यामुळे पारदर्शकता वाढली, स्पष्ट करा’ म्हटलं की नुसत्या तरतुदी चालत नाहीत. ‘कारण’ यायलाच हवं. मुदत ठरलेली आहे, म्हणून अर्ज बेमुदत दाबून ठेवता येत नाही. इथे बरेच जण टीपच पुन्हा उतरवतात आणि गुण जातात.

‘चर्चा करा’ बहुधा सहा-आठ गुणांना येतं. त्यात दुसरी बाजूही हवी: प्रलंबित अपिलं, माहिती नाकारण्याचे अपवाद. शेवटी दोन ओळींत तुमचं मत. एकच बाजू लिहिली, तर कितीही लांबवलं तरी उत्तर अर्धंच.