टीमचं नाव तेच, खुर्चीवरचं पोरगं वेगळं

"ताई, माझा धाकटा भाऊ इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ई-स्पोर्ट्सच्या सामन्यांवर मोबाईलवरून पैसे लावतो. विचारलं तर म्हणतो, 'अक्का, हा काय मटका आहे का? गेम मी स्वतः खेळतो, टीम मला पाठ आहेत.' गेममधलं त्याला खरंच कळतं. मग पैसे का जातात? आणि त्याच्याशी बोलायचं तरी काय?" (एक बहीण, नांदेड)

गेल्या वर्षी लातूरला माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका मुलाचं सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. गाव औसा तालुक्यातलं, शिक्षण संभाजीनगरला. सोयाबीनची पट्टी आल्यावर वडिलांनी हॉस्टेल आणि कॉलेजची फी म्हणून 48,000 रुपये त्याच्या खात्यावर टाकले होते. फी भरली नाही म्हणून कॉलेजातून फोन आला तेव्हा घरी कळलं. वडील त्याला घेऊन आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "म्याडम, ह्यो पब्जीत पैसे घालवायलाय बगा." मुलगा खाली मान घालून पुटपुटला, "पब्जी नाही, काउंटर-स्ट्राइक." हा कॉम्प्युटरवरचा बंदुकांचा गेम, पाच-पाच जणांच्या दोन टीमचा.

त्या पुटपुटण्यातच मला धागा सापडला. आपण गुन्हा केला यापेक्षा वडिलांनी गेमचं नाव चुकीचं घेतलं, हेच त्याला जास्त लागलं होतं. त्याचा अभिमान खोटा नव्हता. कोणत्या नकाशावर कोणती टीम कशी खेळते, बंदुका घ्यायला कोणत्या फेरीत पैसे पुरतात, हे तो कागदावर चित्र काढून समजावून सांगायचा. असल्या मुलाला "तुला काही कळत नाही" म्हटलं की संवाद संपलाच. म्हणून मी त्याला शंभर पानी वही दिली आणि लावलेले शेवटचे 62 डाव ॲपच्या इतिहासातून उतरवून आणायला सांगितलं. रक्कम, भाव आणि निकाल तर हवाच होता, शिवाय दोन रकाने मी वाढवले. त्या दिवशी टीममधून खेळले ते पाच जण कोण, आणि ते तुला कधी कळलं?

पुढच्या बैठकीला तो आला तेव्हा चेहरा वेगळा होता. 62 पैकी 19 सामन्यांत दोन्हीपैकी एका टीममध्ये नेहमीच्या पाचांपैकी कुणीतरी नव्हतं. पैसे लावताना हे त्याला माहीत होतं फक्त 6 वेळा.

यातला एक सामना आम्ही पानभर उलगडला. दक्षिण अमेरिकेतल्या दुसऱ्या फळीच्या दोन टीम, ऑनलाइन स्पर्धा, आपल्याकडे रात्री दीडला सुरू होणारा सामना. त्याच्या आवडत्या टीमचा भाव दुपारी 1.55 होता, म्हणजे शंभर लावले तर जिंकल्यावर 155 परत. रात्री बाराला पाहतो तर भाव 2.10. त्याला वाटलं, घबाडच हाती लागलं. त्याने 12,000 लावले. हे फीतलेच होते.

भावाला मी शक्यतेच्या भाषेत मांडायला लावलं. 1.55 चा अर्थ बाजाराला ती टीम शंभरात साधारण 65 वेळा जिंकेल असं वाटतं. 2.10 म्हणजे 48 वेळा. दहा-अकरा तासांत टीमचा खेळ इतका बिघडत नाही. कुणाला तरी काहीतरी कळलं होतं. झालं होतं असं, की टीमचा ऑपर, म्हणजे लांब पल्ल्याची महागडी स्नायपर बंदूक वापरणारा खेळाडू, त्या रात्री नव्हता. त्याच्या जागी टीमचा कोचच स्टँड-इन म्हणून बसला. टीमने ही बातमी पोर्तुगीजमध्ये, सामन्याच्या चाळीस मिनिटं आधी टाकली. पण टीमशी संबंधित माणसांना, सराव सामने खेळणाऱ्या विरोधकांना, त्यांच्या मित्रांना ती दुपारीच कळलेली असणार. भाव त्यांनी हलवला होता. आमच्या मुलाने तो स्वस्तात मिळालेला माल समजून घेतला.

क्रिकेटमध्ये अकरातला एक बदलला तर फरक पडतो, पण टीम ओळखता येते. इथे पाचच जण असतात आणि प्रत्येकाची ठरलेली जागा असते. ऑपर गेला तर दुसऱ्या कुणाला तरी आपली सवयीची जागा सोडून ती बंदूक घ्यावी लागते. सूचना देणारा आयजीएल गेला तर तीन महिन्यांची आखणी त्याच्याबरोबर जाते. भाऊ अभ्यासतो ते टीमचे मागचे आकडे मग कुणाचे? नावाचे. 2016 च्या एप्रिलमध्ये लुमिनोसिटी या नावाने मेजर, म्हणजे या गेमची सगळ्यात मानाची स्पर्धा, जिंकणारी ब्राझीलची पाच मुलं जुलैत एसके गेमिंगच्या नावाने उतरली आणि पुढची मेजरही जिंकली. नाव पाहून पैसे लावणाऱ्याला त्या जुलैत लुमिनोसिटीचा जुना इतिहास काय कामाचा होता? आणि खेळाडू बदलला म्हणून पैसे परत मिळतील ही आशाही नको. बऱ्याच साइटच्या नियमांत लिहिलेलं असतं, टीम उतरली आणि सामना झाला तर बदली खेळाडू असला तरी डाव कायम. आमच्या मुलाने ते नियम माझ्यासमोर पहिल्यांदा वाचले.

मग त्याने मला एक तक्रार सांगितली आणि मला त्यातून बरंच शिकायला मिळालं. म्हणाला, "म्याडम, लहान सामन्यावर दहा हजार लावायला गेलं की ॲप घेतच नाही. दोन हजार तीनशे घेतं, बाकीचे नाही." त्याला ती अडचण वाटायची, म्हणून तो उरलेले पैसे दुसरीकडे, टेलिग्रामवरून घेतलेल्या सट्ट्याच्या आयडीवर, आणखी वाईट भावाने लावायचा. मी विचारलं, आपल्या अडत्याला सोयाबीनच्या भावाची खात्री असेल तर तो दोन क्विंटल घेईल आणि दहा नको म्हणेल का? मर्यादा इतकी कमी असते कारण भाव लावणाऱ्यालाच त्या सामन्याबद्दल नीट माहिती नसते. त्यामुळे जास्त माहिती असलेल्या माणसाची त्याला भीती असते. त्या भीतीची किंमत तो सगळ्यांकडून घेतो. मोठ्या सामन्यात दोन्ही बाजूंना 1.90 भाव असेल तर दोन्हीकडे शंभर-शंभर लावून पाहा: 200 गेले, 190 आले. लहान सामन्यात तोच भाव 1.80 दिसतो: 200 गेले, 180 आले. दुप्पट कापणी. 1.80 च्या भावाने नुसतं बरोबरीत राहायला शंभरात 56 वेळा बरोबर ठरावं लागतं. वहीत त्याचा आकडा 52 निघाला. नाणेफेकीपेक्षा बरा, आणि तरीही बुडता. जो सतत जिंकतो त्याची मर्यादा शंभर-दोनशेवर आणतात. हरणाऱ्याची क्वचितच कमी करतात.

तो हुशार, लगेच म्हणाला, "मग फक्त मोठ्या सामन्यांवर लावतो." वहीचा हा धोका मला आधीपासून वाटत होता. आपण व्यसन सोडवायला बसतो आणि पोरगा चांगला सट्टेबाज होऊन बाहेर पडायला बघतो. पण वहीतच उत्तर होतं. मोठ्या सामन्यांत त्याला जे माहीत असतं ते जगालाही माहीत असतं, म्हणून ते भावात आधीच मुरलेलं असतं. तिथे तो हळूहळू हरत होता. आणि हळूहळू हरणं त्याला सोसत नव्हतं, म्हणून तो रात्री दीडच्या सामन्यांकडे वळला होता.

माहितीचं आणखी एक. त्याच्या फोनमध्ये टेलिग्रामचे चार ग्रुप होते. एकात "फिक्स मॅच" 1,500 रुपयांना. मी विचारलं, खात्रीचं असेल तर विकणारा स्वतः लावून गप्प का बसत नाही? खरी पद्धत साधी आहे: अर्ध्या ग्राहकांना एका टीमचं नाव द्यायचं, अर्ध्यांना दुसरीचं. जिंकलेले पुन्हा येतात. काही जणांना तर त्यांच्या लिंकवरून आलेला माणूस जितका हरेल त्यावर साइटकडून टक्केवारी मिळते. मात्र सामने विकले जातातच नाहीत असंही मी त्याला सांगितलं नाही. 2014 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत आयबायपॉवर या तगड्या टीमने लहानशा टीमविरुद्ध 16-4 असा सामना मुद्दाम घालवला, आणि 2015 च्या जानेवारीत गेम बनवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीने त्या प्रकरणात 7 जणांवर बंदी घातली. 2021 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 35 खेळाडूंवर सट्ट्याच्या प्रकरणात बंदी आली. असं घडतं ते बहुतेक खालच्या फळीत, कारण तिथे बक्षिसापेक्षा सट्ट्याची रक्कम मोठी असू शकते. पण असा सामना विकला गेला तर ते कळणाऱ्यांच्या रांगेत औशाचा मुलगा सगळ्यात शेवटी उभा असतो. चालू सामन्यावर लावणाऱ्यांचंही तेच. थेट प्रक्षेपण मुद्दाम उशिराने दाखवतात, आणि भाव हलवणाऱ्याला फेरीचा निकाल आधी पोचलेला असतो.

म्हणून तुमच्या भावाशी बोलताना "जुगार सोड" इथून सुरुवात करू नका. त्याला एवढंच विचारा: आजच्या सामन्यात पाच खुर्च्यांवर कोण बसणार, तुला ते कुठून आणि किती वाजता कळलं, आणि तू लावल्यावर भाव कुठे गेला? उत्तर त्याच्याच हाताने वहीत उतरू द्या. त्याच्या हातून गेलेल्या एकूण रकमेचा आकडा लगेच मागू नका, पहिल्या दिवशी तो खोटाच येईल. आमच्या मुलाने वडिलांना 48,000 सांगितले होते. मित्रांचे उसने धरून खरा आकडा तिसऱ्या बैठकीत 1,31,000 निघाला.

कायद्याची भीती घालायचा मोह होईल. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यात ई-स्पोर्ट्स खेळायला मान्यता आहे, पैसे लावायच्या खेळांवर बंदी आहे. शिक्षा आहे ती असं ॲप चालवणाऱ्याला, त्याची जाहिरात करणाऱ्याला आणि पैसे फिरवून देणाऱ्याला, नुसत्या खेळणाऱ्याला नाही. तो लपवत असेल तर हे त्याला जरूर सांगा. आणि टेलिग्रामच्या आयडीसाठी अनोळखी माणसाच्या खात्यावर यूपीआयने पैसे टाकत असेल तर आज बंद करायला लावा. तसली खाती पोलीस गोठवतात, आणि त्यांच्याशी व्यवहार असलेली खातीही अडकू शकतात. रात्री-अपरात्री तो फार बेचैन झाला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

आमच्या मुलाचं पूर्ण सुटलंय असं मी म्हणणार नाही. पाच महिने झाले. गेम तो खेळतो, सामने बघतो, बँकेचं ॲप आईच्या फोनवर आहे. मागच्या महिन्यात रात्री त्याचा मेसेज आला: "म्याडम, भाव 1.60 वरून 2.05 ला गेलाय. कोण बसणार ते माहीत नाही. लावले नाहीत."

सकाळी दुसरा आला: "ती टीम जिंकली."

त्या एका सामन्यावर आमच्या दोन बैठका गेल्या.